०/९ : रिपोर्टमधल्या शून्यावर किती विसंबायचं?

*प्रिय डॉक्टर,*

*माझे बाबा ६६ वर्षांचे, एसटीतून निवृत्त. सहा महिने थकवा होता. हिमोग्लोबिन ७ वर आलं, दुर्बिणीतून तपासलं तर मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ निघाली. २४ दिवसांपूर्वी ठरवून ऑपरेशन झालं. रिपोर्टमध्ये असं आहे: मॉडरेटली डिफरन्शिएटेड अ‍ॅडेनोकार्सिनोमा, पीटी३, लिम्फ नोड ०/९, पीएन०, मार्जिन फ्री, लिम्फोव्हॅस्क्युलर आणि पेरिन्यूरल इन्व्हेजन नाही. सर्जन म्हणतात, सगळं निघालंय, किमो नको. कॅन्सरचे दुसरे डॉक्टर म्हणतात, नऊच नोड तपासलेत, किमो घेतलेली बरी. बाबांना १४ वर्षं मधुमेह आहे, पायांना मुंग्या येतात. ते म्हणतात, "आता मला काही नको." आम्ही कोणाचं ऐकायचं? आणि शून्य आलंय तर अडचण कसली?*

*– सातारा जिल्ह्यातून एक मुलगी*

ताई,

दोन्ही डॉक्टर एकाच कागदावरून बोलतायत आणि त्या कागदावरून दोन्ही मतं निघू शकतात. कारण तो कागद अर्धा आहे. त्यात एक गोष्ट शोधायची राहिलीय आणि एक तपासायची राहिलीय. ती दोन्ही कामं येत्या दहा-बारा दिवसांत होण्यासारखी आहेत, आणि बाबांना त्यासाठी सुईसुद्धा टोचावी लागणार नाही. ती होईपर्यंत किमोला 'हो' म्हणू नका आणि 'नाही'ही म्हणू नका. मात्र कॅलेंडरवर एक खूण करून ठेवा. किमो द्यायचीच ठरली, तर ती ऑपरेशनपासून आठ आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवी, उशीर होत जाईल तसा तिचा उपयोग कमी होत जातो. तुमचे साडेतीन आठवडे गेलेत. म्हणजे वेळ आहे, पण फार सैल नाही.

मी तीसेक वर्षं पॅथॉलॉजीत काढली, त्यामुळे सुरुवात रिपोर्टपासूनच करतो.

'पीटी३' मधला 'पी' म्हणजे पॅथॉलॉजी. हे अनुमान सीटी स्कॅनवरून काढलेलं नाही, कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघून लिहिलेलं आहे. 'टी' सांगतो गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली ते. किती मोठी आहे ते नाही. लोक मला फोन करून सांगतात, "डॉक्टर, सहा सेंटीमीटरची होती हो!" आतड्याच्या बाबतीत सेंटीमीटरला स्टेज ठरवताना काही किंमत नाही. भिंतीचं आतलं अस्तर, त्याखालचा मऊ थर, मग स्नायूचा जाड थर आणि बाहेर चरबी, अशी रचना असते. गाठ मऊ थरात थांबली तर टी१, स्नायूत थांबली तर टी२, स्नायू ओलांडून बाहेरच्या चरबीत शिरली तर टी३. सगळ्यात बाहेरचं पातळ आवरण फोडून ती पोटाच्या पोकळीशी आली किंवा शेजारच्या अवयवाला चिकटून आत घुसली तर टी४. तुमच्या बाबांची टी३ आहे, ऑपरेशनला येणाऱ्या रुग्णांमध्ये हीच सगळ्यात जास्त दिसते.

'मार्जिन फ्री' म्हणजे कापलेल्या कडांवर कॅन्सर नाही. सर्जनने काम नीट केलंय याची ती पावती. पण 'सगळं निघालं' याचा पुरावा म्हणून ती धरता येत नाही. कारण आतड्याचा कॅन्सर ऑपरेशननंतर परत येतो तो बहुतेकदा कापलेल्या जागी येत नाही. तो यकृतात किंवा फुप्फुसात येतो, ऑपरेशनच्या आधीच तिकडे पोचलेल्या आणि कुठल्याही स्कॅनला न दिसणाऱ्या पेशींमधून. किमो द्यायची असते ती या पेशींसाठी. म्हणूनच "पेट स्कॅन करून खात्री करून घेऊ का?" असं कोणी सुचवलं, तर पैसे राखून ठेवा. तो स्वच्छ आला तरी किमोचा प्रश्न होता तिथेच राहील.

आता 'एन'. नोड म्हणजे लसिकाग्रंथी, आतड्याला रक्त नेणाऱ्या वाहिन्यांच्या बाजूने चरबीत पेरलेल्या बारीक गाठी. कॅन्सरच्या पेशी आतड्याबाहेर पडल्या की त्यांचा पहिला मुक्काम बहुतेकदा इथे असतो. एकाही नोडमध्ये कॅन्सर नसेल तर टी३ची स्टेज दोन होते. एका जरी नोडमध्ये सापडला तर स्टेज तीन. एक ते तीन नोड म्हणजे एन१, चार किंवा जास्त म्हणजे एन२. स्टेज तीनला किमो सुचवण्याबद्दल जगभरात फारसं दुमत नाही. स्टेज दोनमध्ये मात्र तज्ज्ञांचे आजही वाद चालतात. म्हणजे तुमच्या बाबांचा सगळा निर्णय त्या एका शून्यावर उभा आहे, आणि ते शून्य नऊ नोड बघून आलंय.

नोड कसे शोधतात हे कळलं की नऊ या आकड्यात अडचण कसली ते आपोआप कळेल. ऑपरेशनमध्ये काढलेला आतड्याचा तुकडा, त्याला लागलेल्या चरबीच्या पदरासकट, फॉर्मॅलिनच्या बरणीतून लॅबमध्ये येतो. तिथे एक माणूस, बहुधा शिकाऊ डॉक्टर, ती पिवळी चरबी बोटांनी चाचपत, सुरीने पातळ काप करत नोड शोधतो. तांदळातले खडे वेचावेत तसं हे काम. खडा निदान कडक तरी असतो. नोड मऊ, चरबीच्याच रंगाचा आणि पुष्कळदा पाच मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. आणि गंमत अशी की ज्यांच्यात कॅन्सर पोचलेला असतो त्यातले पुष्कळसे नोड असेच लहान असतात. मोठा नोड म्हणजे कॅन्सरचा, हे खरं नाही.

त्यामुळे जगभर एक किमान आकडा ठरवलाय: निदान १२ नोड तपासले असतील तरच 'एन०' वर भरवसा ठेवायचा. त्यामागचं गणित साधं आहे. समजा त्या चरबीत खरोखर १८ नोड आहेत आणि त्यातल्या एकातच कॅन्सर आहे. १८ पैकी कुठलेही नऊ उचलले, तर तो एक नेमका मागे राहून जाण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवण्याइतकी. रिपोर्टमध्ये मात्र दोन्ही वेळा छापलेलं असतं एनच. एकदा पुढे शून्य, एकदा एक.

नोड कमी निघण्यात दोष कोणाचाच नसतो असंही होतं. वय जास्त असेल तर ते कमी असतात, काही माणसांच्या शरीरातच कमी असतात, कधी सर्जनने चरबीचा पदर आखूड घेतलेला असतो. पण उजव्या बाजूच्या आतड्याच्या ऑपरेशनमध्ये पदर चांगला मोठा येतो आणि साधारणपणे १२च्या पुष्कळ वर नोड मिळतात. तिथे नऊच निघाले तर माझी पहिली शंका शोधण्यावर जाते. हे मी स्वतःच्या अनुभवावरून बोलतो. शिकत असताना एका आतड्याचा ०/६ असा रिपोर्ट लिहून मी सरांपुढे ठेवला होता. त्यांनी वाचला, काही बोलले नाहीत, फक्त बरणीकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बसून मी आणखी सात नोड काढले. त्यातला एक ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान होता, आणि कॅन्सर त्यातच होता. त्या माणसाची स्टेज माझ्या कंटाळ्याने दोन झाली होती.

तर पहिलं काम हे, आणि ते उद्या सकाळी करा. ज्या लॅबने रिपोर्ट दिला तिथे फोन करून एवढंच विचारा: "स्पेसिमेन अजून ठेवलंय का?" रिपोर्ट दिल्यावर लॅब तो तुकडा काही आठवडे ठेवते आणि मग नियमाप्रमाणे त्याची विल्हेवाट लावते. किती आठवडे, हे प्रत्येक लॅबचं वेगळं असतं. म्हणून मी घाई करतोय. ठेवलेलं असेल तर 'टाकू नका' म्हणून सांगा आणि सर्जनकडून दोन ओळींचं पत्र न्या: नोडची संख्या १२पेक्षा कमी असल्याने चरबी पुन्हा तपासून पुरवणी रिपोर्ट द्यावा. हे भांडण नाही, तक्रारही नाही. चांगला पॅथॉलॉजिस्ट ही विनंती रोजच्या कामासारखी घेतो. चरबीला अल्कोहोलसारख्या द्रावणात भिजवून ठेवलं की ती पारदर्शक होते आणि बारीक नोड पांढरे उठून दिसतात. तेही नको असेल तर उरलेली सगळी चरबीच बारीक तुकडे करून सूक्ष्मदर्शकाखाली घालता येते.

पुरवणी रिपोर्टमध्ये तीनपैकी काहीतरी येईल. ०/१६ असं काही आलं, तर तुमचं शून्य पक्कं झालं. १/१६ आलं, तर स्टेज बदलली. किंवा "आणखी नोड आढळले नाहीत" असं आलं, तर निदान मन लावून शोधून नऊच निघाले हे कळलं, पण शंका कायम. तुकडा टाकून दिला असेल तर? तपासलेले तुकडे मेणात बसवून केलेले ब्लॉक आणि त्यांच्या स्लाइड्स लॅबकडे वर्षानुवर्षं असतात, त्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात, आणि टी३ आहे की बाहेरचं आवरण फुटून टी४ झालंय, एवढं पुन्हा नीट बघून घेण्यासारखं आहे. पण जे नोड चरबीत राहिले ते ब्लॉकमध्ये नाहीत. ती वाट बंद झाली असं धरून पुढे चालायचं.

दुसरं काम ब्लॉकवरच होतं. तुमच्या रिपोर्टमध्ये मला एक ओळ दिसली नाही: एमएमआर. आपल्या पेशी विभागताना डीएनएची नक्कल काढतात, त्यात चुका होतात, आणि त्या दुरुस्त करणारी प्रथिनं असतात. मुद्रितशोधकच म्हणा ना. एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६ अशी त्यातली चार महत्त्वाची नावं. काही गाठींमध्ये हे मुद्रितशोधकच गायब असतात. स्टेज दोनच्या दर सहा-सात रुग्णांमागे साधारण एकाची गाठ अशी असते, आणि आतड्याच्या उजव्या बाजूला हे प्रमाण आणखी जास्त. म्हणून तुमच्या बाबांच्या बाबतीत ही तपासणी राहून जाणं मला नोड कमी निघण्याइतकंच खटकतंय.

तिचा किमोशी संबंध काय? अशा गाठीत चुका इतक्या साचतात की पेशी शरीराला परक्या वाटू लागतात आणि प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते. त्यामुळे स्टेज दोनमध्ये असा कॅन्सर परत येण्याचं प्रमाण मुळातच कमी असतं. शिवाय स्टेज दोनमध्ये एकटं दिलं जाणारं औषध, म्हणजे फ्लुरोयुरॅसिल किंवा त्याचंच गोळीचं रूप कॅपेसिटाबिन, या गाठींवर उपयोगी पडत नाही असं अभ्यासांतून दिसलंय. कमी धोका आणि निरुपयोगी औषध, दोन्ही एकत्र. मग ते देण्यात अर्थ उरत नाही.

तपासणीचं नाव इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, बोलताना सगळे 'आयएचसी' म्हणतात. मेणाच्या ब्लॉकमधून पातळ काप घेऊन त्या चार प्रथिनांसाठी रंगवतात, आठवड्याभरात निकाल येतो. ज्या लॅबमध्ये होत नाही ती ब्लॉक दुसरीकडे पाठवते. आतड्याच्या प्रत्येक कॅन्सरची ही तपासणी व्हावी असं आता मानलं जातं, त्यामुळे "कशाला?" असं कोणी विचारलं तर दबू नका. फक्त निकाल वाचताना एक घोटाळा घरोघरी होतो. तिथे 'रिटेन्ड' किंवा 'पॉझिटिव्ह' लिहिलेलं असेल तर प्रथिनं जागेवर आहेत, म्हणजे ही नेहमीसारखी गाठ. 'लॉस' लिहिलेलं असेल तर ती वेगळी गाठ. 'लॉस' शब्द बघून घरात रडारड झालेली मी पाहिलीय, आणि स्टेज दोनमध्ये ती खरं तर बरी बातमी असते.

'लॉस' आला तर मात्र एक जबाबदारी मागे लागते. हा दोष कधी फक्त गाठीतच तयार झालेला असतो, वय वाढल्यावर बहुतेकदा तसंच असतं. कधी तो जन्मापासून रक्तात असतो आणि घराण्यात उतरतो, त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. एमएलएच१ नाहीसं असेल तर बीआरएएफ ही आणखी एक तपासणी करून दोन्हीत फरक करायला मदत होते. ती किंवा बाकीचे निकाल वंशपरंपरेकडे बोट दाखवत असतील, तर जनुकीय सल्लागाराकडे जा. बाबांच्या भावंडांत, आजी-आजोबांत कोणाला आतड्याचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर झाला होता का, हे आत्याला विचारून ठेवा. घराण्याचा इतिहास बायकांना जास्त माहीत असतो, हाही माझा अनुभव.

आता समजा दोन्ही कागद हातात आले. मग काय?

शून्य पक्कं झालं, म्हणजे १२ किंवा जास्त नोड आणि एकातही कॅन्सर नाही, आणि बाकी रिपोर्ट तुम्ही लिहिलाय तसा स्वच्छ, म्हणजे बारीक वाहिन्यांत आणि नसांत शिरकाव नाही, तर एमएमआर काहीही आलं तरी बहुतेक ऑन्कॉलॉजिस्ट किमो देणार नाहीत. सर्जन बरोबर ठरले. इथे एक गोष्ट पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये नसते आणि ऑपरेशनच्या नोंदीत असते: गाठीने आतडं पूर्ण तुंबलं होतं का, किंवा फुटलं होतं का. तसं असेल तर धोका वाढलेला धरतात. बाबांचं ऑपरेशन रक्त कमी झाल्यामुळे, ठरवून झालेलं आहे, म्हणजे तसं नसावं. तरी डिस्चार्ज कार्ड एकदा वाचा.

एमएमआरमध्ये 'लॉस' आला आणि नोड मात्र नऊवरच अडले, तरीही बहुतेक जण किमोशिवाय नुसतं लक्ष ठेवायला सांगतील.

अवघड वाट तिसरी. नोड नऊच, आणि एमएमआर नेहमीसारखं. आता दुसऱ्या डॉक्टरांच्या म्हणण्याला वजन येतं, कारण १२पेक्षा कमी नोड हे जास्त धोक्याच्या लक्षणांपैकी एक धरलं जातं. फायदा किती, याचा अंदाज देणारी सगळ्यात मोठी चाचणी ब्रिटनमधली, 'क्वासार' नावाची. २००७ साली तिचे निष्कर्ष आले. ३,२३९ रुग्ण, बहुतेक स्टेज दोनचे. निम्म्यांना फ्लुरोयुरॅसिलची किमो, निम्म्यांना काही नाही. किमोमुळे पाच वर्षांनी जिवंत असण्याची शक्यता साधारण साडेतीन टक्क्यांनी वाढली. माणसांत सांगायचं तर बाबांसारखे शंभर जण घ्या. ऐंशीच्या आसपास जण किमोशिवायही पाच वर्षं ओलांडतील. किमो दिली तर आणखी तीन-चार. उरलेल्यांना किमो घेऊनही उपयोग नाही. धोक्याचं लक्षण असलं की हे तीन-चार जण थोडे वाढत असावेत असा अंदाज बांधून किमो सुचवतात, पण नोड कमी असलेल्यांना किमोचा फायदा नक्की जास्त होतो असं कोणी सिद्ध केलेलं नाही. तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी 'घ्याच' म्हटलेलं नाही, 'घेतलेली बरी' म्हटलंय. मला तो शब्द प्रामाणिक वाटला.

इथे घ्यायची ठरली तर कॅपेसिटाबिनच्या गोळ्या: दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ, एक आठवडा सुट्टी, असे तीन आठवड्यांचे आठ फेरे, म्हणजे जवळपास सहा महिने. केस सहसा जात नाहीत. त्रास होतो तो जुलाबांचा, आणि तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटण्याचा. ही औषधं शरीरात मोडण्यासाठी लागणारं एक एन्झाइम काही थोड्या माणसांत कमी असतं आणि त्यांना पहिल्याच फेऱ्यात जीवघेणा त्रास होऊ शकतो, म्हणून सुरू करण्याआधी रक्तातली डीपीवायडी तपासणी होईल का ते विचारा. आणि १४ वर्षांच्या मधुमेहात क्रिएटिनिन बघितल्याशिवाय डोस ठरवू देऊ नका. मूत्रपिंड थकलेलं असेल तर हीच गोळी कमी द्यावी लागते.

कोणी यात ऑक्झालिप्लाटिनची सलाइनही जोडायला सांगेल. स्टेज दोनमध्ये तिने आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही, आणि ती थेट पायांच्या मुंग्यांवर घाव घालते. बाबांच्या आधीच बधिर होणाऱ्या पायांसाठी या स्टेजला मी तरी तिला 'नको' म्हणेन.

चौथी वाट: नव्याने शोधलेल्या नोडमध्ये कॅन्सर सापडला. आता स्टेज तीन, आणि वजनं उलटतात. ढोबळमानाने, स्टेज तीनच्या शंभरांपैकी निम्मे ऑपरेशननेच बरे होतात आणि किमोने आणखी पंधरा-वीस वाचतात. तीन-चार आणि पंधरा-वीस यातला फरक बाबांना याच आकड्यांत सांगा. इथे ऑक्झालिप्लाटिनचा उपयोग सिद्ध झालेला आहे, म्हणून पायांचा प्रश्न सोडवायलाच लागतो. सुदैवाने २०१८ साली 'आयडिया' या नावाने सहा चाचण्यांचे मिळून १२,८३४ रुग्णांचे निष्कर्ष आले. टी३ आणि एक ते तीन नोड असलेल्यांत कॅपेसिटाबिन अधिक ऑक्झालिप्लाटिन तीन महिने दिलं काय नि सहा महिने दिलं काय, कॅन्सर परत येण्यात फरक पडला नाही. मुंग्यांमध्ये मात्र जमीन-अस्मानाचा फरक होता. सहा महिने घेणाऱ्यांत जवळपास निम्म्यांना रोजच्या कामात अडेल इतक्या मुंग्या आल्या, तीन महिने घेणाऱ्यांत साधारण सहा-सात जणांमागे एकाला.

तरी मधुमेही पायांच्या बाबतीत आकड्यांवर थांबू नका. पहिल्या सलाइनच्या आधी डॉक्टरांनी पायांची संवेदना तपासून कागदावर लिहून ठेवली पाहिजे, नाहीतर पुढे 'आधीपासूनच होतं' आणि 'औषधाने झालं' यात भांडत बसाल. बाबा शर्टाची बटणं लावतात का, चप्पल पायातून निसटलेली त्यांना कळते का, हे तुम्ही घरी बघा. मुंग्या दोन सलाइनच्या मधल्या काळात जात नसतील तर ते लगेच सांगायचं, कारण हे औषध थांबवल्यावरही काही महिने मुंग्या वाढत राहतात. मग फक्त गोळ्यांवर यायचं, तीही चांगली किमो आहे. आणि हिवाळ्यात गार पाण्याने हात धुवायला लावू नका, या औषधावर असताना थंड लागलं की झटका बसतो. स्टेज तीन आणि एमएमआरमध्ये 'लॉस' असं दोन्ही आलं, तर इम्युनोथेरपीचा, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांचा, विषयही कॅन्सरच्या डॉक्टरांकडे काढा, तिथे सध्या बरंच बदलतंय.

रक्तातून कॅन्सरचे डीएनए-तुकडे शोधून किमो ठरवण्याची तपासणी कोणी सुचवेल. ऑस्ट्रेलियात स्टेज दोनच्या ४५५ रुग्णांवर तिचा अभ्यास झाला, २०२२ साली छापला गेला. ती वापरल्याने किमो घेणाऱ्यांचं प्रमाण २८ टक्क्यांवरून १५ वर आलं आणि दोन वर्षांत कॅन्सर परत येण्यात तोटा झाला नाही. शास्त्र चांगलं आहे, पण महाग आहे. तिसऱ्या वाटेवर अडलात आणि ऐपत असेल तर विचारा. कर्ज काढून करू नका.

राहता राहिलं बाबांचं "मला काही नको." हे वाक्य चौथ्या वाटेवर आलं तर तुम्ही त्यांच्याशी बसून बोला, वाद घाला, दुसरं मत घ्या. तिसऱ्या वाटेवर आलं तर तो त्यांचा हक्काचा आणि शहाणपणाचा निर्णय असू शकतो. तीन-चार टक्क्यांसाठी सहा महिने गोळ्या घ्याव्यात असं एखाद्याला वाटेल, एखाद्याला नाही वाटणार, आणि वैद्यकशास्त्र दोघांनाही चूक म्हणत नाही. फक्त 'किमो नको' म्हणजे 'दवाखानाच नको' असं होऊ देऊ नका. पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी आणि रक्तातलं सीईए, म्हणजे कॅन्सर परत येत असल्याची चाहूल देऊ शकणारं प्रथिन, नंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, सीटी वर्षातून एकदा, आणि ऑपरेशननंतर वर्षाने आतड्याची दुर्बीण. यकृतात एखादीच गाठ वेळेवर सापडली तर ती काढून आजही माणसं बरी होतात. ऑपरेशननंतरचं सीईए अजून झालं नसेल, तर लॅबला फोन कराल त्याच दिवशी तेही करून घ्या.

पुरवणी रिपोर्ट आला की त्याची प्रत मला पाठवा. वरचा आकडा काय आणि खालचा काय, एवढंच लिहिलंत तरी चालेल.